उशिरा पोचलेलं पत्र आणि 90 रुपयांचा फरक

पत्रावर तारीख होती 14 एप्रिल 1977. पाकिटावर टपालाचा शिक्का होता 27 एप्रिलचा. बर्मिंगहॅमच्या कचेरीत ते पाकीट पडलं 2 मे रोजी. आत लिहिलं होतं, की कंपनी नवे शेअर काढते आहे, तुमच्या आजच्या हिश्शाच्या प्रमाणात ते तुम्हाला देऊ केले आहेत, हवे असतील तर 16 दिवसांत कळवा. कळवलं नाही तर तुमचा नकार समजू. सोळा दिवस पत्राच्या तारखेपासून मोजायचे होते, म्हणजे मुदत 30 एप्रिललाच सरली होती. पत्र हातात आलं त्याच दिवशी इकडे भारतात संचालकांची बैठक भरली आणि सगळे नवे शेअर दुसऱ्यांना देऊन मोकळी झाली.

ही कंपनी नीलगिरीच्या डोंगरात, उटीजवळच्या केट्टी गावातली. विणकामाच्या ‘पोनी’ छापाच्या सुया ज्यांच्या घरात आहेत त्यांना तिचं काम ओळखीचं आहे: नीडल इंडस्ट्रीज (इंडिया). हे पत्र मिळण्यापूर्वी बर्मिंगहॅमची होल्डिंग कंपनी हिच्यात जवळपास 60 टक्क्यांची मालक होती. दिवस मावळला तेव्हा ती 40 टक्क्यांच्याही खाली आली होती. तिने एकही शेअर विकला नव्हता.

कोर्टात गेलेलं हे भांडण भारतातल्या कंपनी कायद्यात आजही रोज उद्धृत होतं. ते समजून घ्यायचं तर आधी एक जुना नियम पाहावा लागतो, कारण सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

मँचेस्टरमध्ये 1830 च्या दशकात व्हिक्टोरिया पार्क नावाची वसाहत उभी करायला एक कंपनी निघाली. झाडं, रस्ते, टुमदार घरं असा बेत होता. रिचर्ड फॉस आणि एडवर्ड टर्टन या दोन भागधारकांची तक्रार अशी, की संचालकांनी स्वतःच्याच जमिनी चढ्या भावाने कंपनीच्या गळ्यात मारल्या. त्यांनी दावा लावला. 1843 मध्ये न्यायाधीश विग्रम यांनी तो काढून टाकला. जमिनी महाग घेतल्या की स्वस्त, या प्रश्नात ते शिरलेच नाहीत. त्यांचं म्हणणं असं: नुकसान झालं असेल तर ते कंपनीचं झालं. दावा कंपनीने लावायला हवा. कंपनीने दावा लावायचा की झालं ते पदरात घ्यायचं, हे सर्वसाधारण सभा ठरवील. आणि सभा म्हणजे बहुमत.

‘फॉस विरुद्ध हारबॉटल’ या नावाने हा नियम वकिलीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. ऐकायला तो निष्ठुर वाटतो, पण त्यामागे व्यवहार आहे. दोनशे भागधारकांच्या कंपनीत प्रत्येक निर्णयावर कुणी ना कुणी नाराज असणारच. प्रत्येकाला कोर्टाचं दार उघडं ठेवलं तर कारखाना वकीलच चालवतील. धंदा कसा करावा हे न्यायाधीशाला कळत नाही, आणि कळतं असं त्याने समजूही नये. म्हणून साधा ठराव निम्म्याहून अधिक मतांनी, आणि कंपनीची नियमावली बदलण्यासारखा विशेष ठराव तीनचतुर्थांश मतांनी. 51 टक्के हातात असले की संचालक आपले, पगार आपण ठरवलेले, लाभांश द्यायचा की नाही तेही आपणच ठरवणार. 26 टक्केवाल्याला निदान विशेष ठराव अडवता येतो. 12 टक्केवाल्याला फक्त सभेत चहा मिळतो.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत हे फारसं बोचत नाही, कारण न पटलं तर शेअर विकून बाहेर पडता येतं. खरी कोंडी होते ती घरच्या, खासगी कंपनीत. तिथले शेअर बाजारात विकले जात नाहीत. बाहेरच्याला विकायचे तर नियमावली आडवी येते. घरातल्यांना विकायचे तर भाव तेच ठरवणार. मतदानात हरायचं आणि बाहेरही पडता येत नाही, अशा माणसासाठी कायद्याने एक खिडकी ठेवली आहे. 1956 च्या कंपनी कायद्यात ती 397 आणि 398 या कलमांत होती. 2013 च्या कायद्यात 241 आणि 242 मध्ये आहे. पूर्वी त्यासाठी उच्च न्यायालयात, नंतर कंपनी लॉ बोर्डाकडे जावं लागे. 2016 पासून राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, बोलीभाषेत एनसीएलटीकडे. कायद्याचे शब्द आहेत दडपशाही आणि गैरव्यवस्थापन.

दडपशाही म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या कायद्यात नाही. ती न्यायालयांनी निकालानिकालांतून घडवली. 1965 च्या ‘कलिंग ट्यूब्ज’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दोन गटांचा एकमेकांवरचा विश्वास उडाला एवढ्याने भागत नाही. बहुमतवाल्यांच्या वागण्यात सचोटीचा अभाव दिसला पाहिजे, आणि तेही सुटं एखादं कृत्य नव्हे, अर्ज करेपर्यंत चालत आलेली वागणुकीची साखळी हवी. त्यावर आणखी एक अट आहे. परिस्थिती इतकी बिघडलेली हवी, की एरवी कंपनी गुंडाळायचा हुकूम देणं न्यायाचं ठरलं असतं. पण गुंडाळली तर तक्रारदाराचंच नुकसान, म्हणून दुसरा उपाय शोधायचा. म्हणजे हा उंबरठा बराच उंच आहे.

आता केट्टीला परत जाऊ.

परकीय चलन नियमनाचा ‘फेरा’ कायदा 1974 पासून लागू झाला होता. परदेशी मालकी 40 टक्क्यांवर आणा, अशी अट रिझर्व्ह बँकेने या कंपनीला घातली आणि त्यासाठी वर्षभराची मुदत दिली. ती मे 1977 च्या मध्यावर संपत होती. कंपनीचे एकूण 32,000 शेअर होते. 18,990 बर्मिंगहॅमच्या होल्डिंग कंपनीकडे, उरलेले 13,010 भारतीय व्यवस्थापकीय संचालक, त्यांचे नातेवाईक आणि कंपनीतली माणसं यांच्याकडे. परदेशी हिस्सा कमी कसा करायचा यावर दोन्ही बाजूंची पत्रापत्री महिनोन् महिने चालली होती आणि सूत जुळत नव्हतं. शेवटी 6 एप्रिलला केट्टीच्या बैठकीत ठरलं: दर दोन शेअरमागे एक याप्रमाणे 16,000 हक्कभाग काढायचे, भाव दर्शनी किमतीएवढा, म्हणजे 100 रुपये.

होल्डिंग कंपनीच्या वाट्याचे होत होते 9,495. ते तिने घेतले नाहीत असं समजून 2 मे रोजी सगळेच्या सगळे भारतीय गटाला देण्यात आले. एकूण शेअर 48,000 झाले, त्यात होल्डिंग कंपनीचे 18,990. हिस्सा झाला 39.56 टक्के. रिझर्व्ह बँकेची अट पुरी झाली आणि कंपनीची सत्ताही या हातातून त्या हातात गेली. दोन्ही एकाच दिवशी.

होल्डिंग कंपनी मद्रास उच्च न्यायालयात गेली. गंमत अशी, की अल्पमतवाल्यांच्या संरक्षणासाठी असलेल्या कलमाखाली कालपर्यंत बहुमतात असलेला मालक दाद मागत होता. खंडपीठाने दडपशाही झाल्याचं मान्य केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं आणि 1981 मध्ये निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी. मूळचे पुण्याचे. निकाल लांबलचक आहे, पण त्याचा गाभा दोन प्रश्नांत येतो, आणि ते दोन प्रश्न त्यांनी एकमेकांत मिसळू दिले नाहीत, हे मला त्या निकालातलं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं.

पहिला प्रश्न: संचालकांनी हे कशासाठी केलं? कंपनीला पैशांची गरज असेल तरच नवे शेअर काढावेत, असं बंधन नाही. पण सत्ता बळकावणं हाच मुख्य हेतू असेल तर ते चालत नाही. इथे कायद्याची टाच खरी होती, मुदत खरी होती. ती पाळताना संचालकांचाही फायदा झाला, म्हणून मूळ निर्णय वाईट ठरत नाही. शिवाय पत्र वेळेत मिळालं असतं तरी होल्डिंग कंपनीला त्याचा फारसा उपयोग नव्हता. नवे शेअर स्वतः घ्यावेत, तर परदेशी हिस्सा 40 टक्क्यांच्या वरच राहणार. दुसऱ्या कुणाच्या नावे हक्क सोडावा, तर कंपनीच्या खासगी स्वरूपामुळे तीही वाट बंद. म्हणून दडपशाही नाही. खंडपीठाचा निकाल रद्द.

इथेच थांबले असते तर तो नेहमीच्या वळणाचा निकाल झाला असता. पण दुसरा प्रश्न उरतो तो पत्राचा. 14 तारखेचं पत्र 27 ला टपालात पडतं, हे चंद्रचूडांना पटलं नाही. होल्डिंग कंपनीला अंधारात ठेवायचं, म्हणून ते उशिरा धाडलं गेलं, असाच अर्थ त्यांनी काढला. शेअर घेता आले नसते हे खरं. पण वेळेत कळलं असतं तर ती म्हणू शकली असती, की घ्या शेअर, पण 100 रुपयांना का? त्या शेअरची किंमत साधारण 190 रुपये धरण्यात आली होती. शेअरमागे 90 रुपये भारतीय गटाच्या खिशात फुकट गेले होते. 9,495 गुणिले 90: 8,54,550 रुपये. तेवढी रक्कम भारतीय भागधारकांनी होल्डिंग कंपनीला द्यावी, असा हुकूम झाला.

दडपशाही सिद्ध झाली नाही, तरी पैसे द्यावे लागले. बहुमत बदललं ते बदललेलंच राहिलं. लबाडीने आलेला फायदा तेवढा परत घेतला गेला. न्यायालय कारखान्याची किल्ली सहसा या हातातून काढून त्या हातात देत नाही. ते हिशेब चुकता करतं. या उपायाकडून किती अपेक्षा ठेवावी याचा अंदाज या एका निकालातून जितका येतो, तितका कायद्याची कलमं वाचून येत नाही.

हेच गणित आपल्या घरात आणून बघू. समजा, कोल्हापूरजवळ वडिलांनी उभी केलेली एक फाउंड्री आहे, खासगी मर्यादित कंपनी. वडील गेल्यावर दोन भावांकडे 44-44 टक्के, लग्न होऊन ठाण्याला गेलेल्या बहिणीकडे 12. शंभर रुपये दर्शनी किमतीचे एकूण 10,000 शेअर. कंपनी आज विकली तर अडीच कोटी येतील, म्हणजे शेअरची खरी किंमत 2,500 रुपये. बहिणीचे 1,200 शेअर म्हणजे 30 लाख.

भाऊ ठरवतात, आणखी 10,000 शेअर काढू, भाव 100 रुपये. कंपनीत 10 लाख येतात, तिची किंमत होते 2 कोटी 60 लाख, शेअर होतात 20,000. आता एका शेअरची किंमत 1,300 रुपये. बहिणीने काही घेतलं नाही, तर तिचे 1,200 शेअर राहिले 15 लाख 60 हजारांचे. 14 लाख 40 हजार रुपये एका ठरावात भावांकडे गेले, आणि तिचा हिस्सा 12 वरून 6 टक्के झाला. यातलं काहीही चेकने गेलं नाही, म्हणून ते तिच्या लक्षातही येत नाही. उलट तिने वाट्याचे 1,200 नवे शेअर 1 लाख 20 हजार भरून घेतले असते, तर तिचं एका पैशाचंही नुकसान झालं नसतं. म्हणून दर्शनी किमतीला हक्कभाग काढणं हा स्वतः गुन्हा नाही. एकाला कळू न देता काढणं, किंवा त्याला ते घेता येणार नाहीत हे ठाऊक असून मुद्दाम त्या भावाला काढणं, इथे ती लबाडी होते.

आणि तिला पत्र वेळेत मिळालं, तिने वाचलं, ‘भाऊ बघून घेतील’ म्हणून बाजूला ठेवलं, तर? तर तिची बाजू पार लंगडी होते. न्यायाधिकरण विचारील: कंपनीला 10 लाखांची गरज होती का? भाव शंभरच का? ऑफर कधी, कुठल्या पत्त्यावर पाठवली? हे प्रश्न तिच्या बाजूचे आहेत. पण पुढचा प्रश्न तिलाच असतो: तुम्ही तेव्हा काय केलंत? चार वर्षं गप्प बसून, लाभांश आला तो घेऊन, मग अचानक आलेल्या अर्जाकडे न्यायालयं डोळे बारीक करूनच पाहतात.

कायद्याने कंपनीला हक्कभागाची ऑफर किमान 15 दिवस खुली ठेवायला लावलं होतं. 2021 मध्ये नियम बदलून ही मुदत किमान 7 दिवसांवर आणली. धंद्याची सोय म्हणून केलं असेल, पण घरच्या कंपनीतल्या परगावच्या भागधारकाला सात दिवसांत भाव योग्य आहे का हे कुणाला विचारायचं, पैसे कुठून उभे करायचे? मला हा बदल घाईचा वाटतो.

मग ही बहीण अर्ज करू शकते का? बहुतेकांना एवढंच ठाऊक असतं, की किमान दहा टक्के भांडवल हवं. आणि मग वाटतं, सहा टक्के करून भावांनी दारच लावून घेतलं. तसं नाही. कायद्यात पर्याय आहेत: भांडवलाचा दहावा हिस्सा, किंवा 100 सभासद, किंवा एकूण सभासदसंख्येचा दहावा हिस्सा, संख्येत जे कमी ते पुरे. कंपनीत तीनच सभासद असतील तर ती एकटी एक-तृतीयांश झाली. दहा किंवा त्याहून कमी भागधारकांच्या कंपनीत एक शेअर असलेला माणूसही अर्ज करू शकतो. छोट्या घरगुती कंपन्यांत ही अट जवळपास नसल्यासारखीच आहे, पण ते कुणी सांगत नाही. वडिलांचे शेअर अजून वारसांच्या नावे चढले नसतील, तरी वारसांना अर्ज करता येतो, हेही सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्येच ठरवलं आहे.

ही अट खरी आडवी येते मोठ्या घरात. मुंबईतल्या टाटा सन्समध्ये शापूरजी पालनजी गटाकडे 18.37 टक्के समभाग होते, पण अग्रहक्क शेअर धरून एकूण भांडवल मोजलं तर तो हिस्सा 2.17 टक्क्यांवर येत होता. ऑक्टोबर 2016 मध्ये सायरस मिस्त्री यांना अध्यक्षपदावरून दूर केल्यानंतर त्यांच्या गटाने अर्ज केला, तेव्हा पहिली लढाई या दहा टक्क्यांवरच झाली. अटीतून सूट देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, आणि अपिलात ती सूट मिळाली. पुढे मुंबईच्या न्यायाधिकरणात मिस्त्री हरले, अपिलात जिंकले, आणि 26 मार्च 2021 रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या अध्यक्षतेखालच्या पीठाने टाटांच्या बाजूने निकाल दिला. एखाद्याला अध्यक्षपदावरून काढणं ही भागधारकाची दडपशाही नव्हे, असा त्याचा मथितार्थ. पद गेलं, शेअर तर तुमचेच आहेत ना. या निकालाने उंबरठा होता तिथेच उंच ठेवला. मिस्त्रींना काढण्याची पद्धत सभ्य होती असं मला वाटत नाही. पण असभ्यपणा आणि दडपशाही यांत कायदा फरक करतो, हे मान्य करावं लागतं.

घरच्या कंपनीत मात्र पदाचा प्रश्न इतका सरळ नसतो. सगळे मिळून काम करायचे, नफा पगाराच्या रूपात घ्यायचे, लाभांश कधी जाहीरच व्हायचा नाही, अशा कंपनीतून एकाला संचालकपदावरून काढलं तर त्याचं उत्पन्नच बंद होतं. नावाला कंपनी, पण मुळात ती भागीदारी आहे, असं दिसलं तर न्यायालयं वेगळा विचार करतात. भावांनी दरवर्षी स्वतःचे पगार वाढवायचे आणि बहिणीला ‘यंदा नफा नाही’ म्हणायचं, हेही त्यातलंच. नुसता लाभांश न देणं सहसा पुरेसं ठरत नाही. पण पगार, दडवलेली हिशेबपत्रकं आणि हक्कभाग यांची साखळी दाखवता आली तर चित्र बदलतं.

न्यायाधिकरण काय देऊ शकतं याची यादी मोठी आहे: शेअरवाटप रद्द करणं, संचालक हटवणं, कंपनीचे करार मोडणं. व्यवहारात बहुतेक भांडणांचा शेवट एकाच जागी होतो. तटस्थ मूल्यमापक नेमला जातो आणि एका बाजूने दुसरीचे शेअर रास्त किमतीला घ्यायचे ठरतं. बहुधा बहुमतवाला घेतो आणि अल्पमतवाला पैसे घेऊन निघतो. खरी मारामारी असते ती मूल्यमापनाची तारीख कुठली धरायची यावर. वाटपाच्या आदल्या दिवसाची धरली तर आपल्या फाउंड्रीतल्या बहिणीचे 30 लाख, नंतरची धरली तर 15 लाख 60 हजार. वकिलाला पहिल्या भेटीत विचारायचा प्रश्न हाच. आणि वेळेचा अंदाज म्हणून सांगतो: मिस्त्री प्रकरण देशातल्या सर्वात महागड्या वकिलांनी लढवलं, तरी अर्जापासून अखेरच्या निकालापर्यंत सव्वाचार वर्षांच्या आसपास गेली.

घरच्या कंपनीचे शेअर तुमच्या नावावर असतील, तर वर्षातून एकदा कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडी फी भरून तिची कागदपत्रं बघा. नवे शेअर वाटले की पीएएस-3 नावाचं विवरण भरावं लागतं. ते तिथे कुणालाही दिसतं. ते तिथे आहे आणि तुम्हाला कसलंच पत्र आलेलं नाही, म्हणजे काहीतरी घडून गेलं आहे. कंपनीकडे नोंदलेला तुमचा पत्ता आणि ई-मेल आजचाच आहे ना, तेही तपासा. माहेरच्या पत्त्यावर गेलेलं पत्र कायद्याच्या नजरेत पोचलेलं असू शकतं. आणि उशिरा का होईना, हक्कभागाचं पत्र आलं, तर त्याच दिवशी लेखी हरकत नोंदवा आणि पाकीट फेकू नका. केट्टीच्या खटल्यात 8,54,550 रुपये मिळवून दिले ते पाकिटावरच्या शिक्क्याने.